अंगावर रोज नवे खाजरे डाग, ढेकूण आहे की पिसवा की डास? कसं ओळखावं, आणि दवाखान्यात कधी न्यावं

अंजली_हिंगणघाट | ७ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार. आम्ही हिंगणघाटजवळच्या खेड्यात राहतो, घर जुनं मातीचं, मागं कोठा. महिना झाला असंन, रोज सकाळी उठलं की कोणाच्या ना कोणाच्या अंगावर नवे डाग दिसून राहिले. माझ्या दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत आणि मानेवर लाल गुठळ्या आहेत, तीन-चार एका रेषेत, आणि खाज अशी की रात्री दोन वाजता उठून बसावं लागते. सात वर्षांच्या मुलीलेही तसंच, तिच्या तर गालावरही आहे. आम्ही दोघी आणि मिस्टर एकाच दिवाणावर झोपतो पण मिस्टरांच्या अंगावर एकही डाग नाही, त्यामुळं ते म्हणतात ढेकूण असते तर मले नसते का चावले, तुमच्या रक्तातच गरमी झाली आहे.

चार वर्षांचा मुलगा आजीजवळ झोपतो, तिकडं सैपाकघराच्या बाजूच्या खोलीत. त्याच्या हातावर, तोंडावर काही नाही, फक्त घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बारीक बारीक लाल ठिपके. त्यानं खाजवून खाजवून रक्त काढलं आहे. सासूबाईंच्या पायावरही थोडे आहेत.

मामाजींना मात्र काही चावत नाही, ते अंगणात बाजेवर झोपतात. त्यांना चार-पाच दिवसांपासून ताप आहे पण तो वेगळा विषय, व्हायरल आहे म्हणून सांगितलं आहे.

मच्छरदाणी लावून पाहिली, कडुनिंबाचा धूर केला, फरक नाही. हे नेमकं काय आहे ते कोणी सांगू शकंन का?

प्रशांत_दर्यापूर | ७ ऑक्टोबर, रात्री १०:०५

ताई, हे शंभर टक्के ढेकूण. तीन डाग एका रेषेत म्हणजे ढेकूणच, दुसरं कोणी असं चावतच नाही. डास चावला तर एकच गाठ येते आणि ती सकाळपर्यंत बसते. मुलाच्या पायावर पण तेच असंन, फक्त लहान असल्यामुळं वेगळं दिसत असंन. दिवाण जाळून टाका, विषय संपला.

रेखा_तुमसर | ७ ऑक्टोबर, रात्री १०:३०

आमच्या मुलाला पण असंच आहे हो, तो आश्रमशाळेत असतो, सुट्टीत घरी आला तेव्हापासून खाजवून राहिला. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीजवळ, आणि लघवीच्या जागी पण. मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती, लावली की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा दुप्पट. आता माझ्या पण हाताला सुरू झालं. ते पण ढेकूणच असतील का? त्याच्या होस्टेलच्या गादीत असतील असं वाटतं.

सुनील_मोर्शी | ७ ऑक्टोबर, रात्री ११:१०

फवारणीचं औषध घरी असंनच ना, सोयाबीनचं नाहीतर कपाशीचं. पंपात थोडं घ्या, गादीवर आणि भिंतीच्या फटीत मारा, दार लावून दोन तास बाहेर बसा. आमच्याकडं असंच करतात. धान्यात टाकायच्या गोळ्या असतील तर एक-दोन दिवाणाखाली ठेवल्या तरी ढेकणं साफ.

घाटंजीचा_कास्तकार | ८ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

सुनीलभाऊ, हात जोडून सांगतो, असं कोणाले सांगू नका. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, किती जणांचे डोळे गेले गेले म्हणता म्हणता वाचले. ते उघड्या वावरात होते, वारा होता, तरी. तुम्ही तेच औषध लेकरू ज्या गादीवर तोंड लावून आठ तास झोपते तिथं मारायले सांगून राहिले. दोन तासांनी वास जाईल पण औषध गादीतच राहते, कापसात मुरते, घामानं अंगाले लागते.

आणि त्या धान्याच्या गोळ्यांचं तर नावच काढू नका. त्या हवेतल्या ओलीनं गॅस सोडतात, ऑक्टोबरच्या दमट रात्री बंद खोलीत तो गॅस झोपेतच माणूस मारते, आणि त्याच्यावर उतारा नाही. डॉक्टरजवळही नाही. अंजलीताई, घरात असतील तर आजच कोठीच्या खोलीतून बाहेर काढून लेकरांच्या हाताबाहेर ठेवा.

निवृत्त_आरोग्यसेवक_भंडारा | ८ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

अंजलीबाई, मी तेहतीस वर्षं आरोग्य खात्यात काढली, बराचसा काळ मलेरियाच्या कामात आणि घरोघरी फिरण्यात गेला. सगळ्यात आधी एकच विचारतो, बाकीचं मागाहून लिहितो. तुमच्या सासऱ्यांना ताप किती दिवसांचा, आणि ताप यायच्या आधी दहा-पंधरा दिवस ते गवतात, धुऱ्यावर, नाल्याकाठी काही कामाला होते का? त्यांचं पूर्ण अंग कोणी पाहिलं आहे का? पूर्ण म्हणजे काखेत, जांघेत, कमरेला करदोडा बसतो तिथं, पाठीमागं. खाजणारं नाही, दुखणारंही नाही, असं एखादं काळं खपलीसारखं, बिडीचा चटका बसल्यासारखं काही आहे का ते पाहा. आज पाहा, उद्यावर नको.

अंजली_हिंगणघाट | ८ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

काका, ताप आज सहावा दिवस. डोकं फुटल्यासारखं दुखतं म्हणतात, अंग तर उचलतच नाही. गवत तर रोजच आणतात ना, बैलांसाठी, नाल्याच्या काठचं. गणपतीनंतर पंधरा दिवस तेच काम होतं. पण त्यांना खाज वगैरे काहीच नाही म्हणून मी त्यांचं वेगळं म्हटलं. मिस्टर वावरात गेले, सोंगणी चालू आहे, दुपारी आले की पाहायला लावते. मला सुनेला ते कसं पाहता येईल.

निवृत्त_आरोग्यसेवक_भंडारा | ८ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

बरोबर आहे, तुम्ही नका पाहू, सासूबाईंना सांगा आत्ताच पाहायला. दुपारची वाट पाहू नका. बॅटरी घ्या हातात. माणसाला स्वतःला ते माहीतच नसतं, कारण ते ना खाजतं ना दुखतं.

पुण्यातला_वऱ्हाडी | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:४५

काका तुम्ही डेंगूचं म्हणताय का? डेंगूत पण अंगावर लाल डाग येतात. मागच्या वर्षी मला आले होते, पूर्ण छातीवर.

निवृत्त_आरोग्यसेवक_भंडारा | ८ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

नाही भाऊ, डेंगूचा पुरळ म्हणजे डासाच्या चाव्याची खूण नव्हे. तो आतून येतो, ताप आल्यावर दोन-तीन दिवसांनी अंगभर पसरतो. डास जिथं चावला ती जागा तेव्हा कुठली शोधून सापडणार. मी म्हणतो ते चिगर, म्हणजे गवतातल्या एका माईटचं पिल्लू, डोळ्याला जवळपास न दिसणारं, ते चावतं आणि त्यातून स्क्रब टायफस होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात याची साथच आली होती, माणसं दगावली. आपल्याकडं ऑगस्टपासून सोंगणी संपेपर्यंत हा याचाच हंगाम.

आता अंजलीबाईंच्या मूळ प्रश्नाकडं येतो. प्रशांतभाऊ म्हणतात ते अर्धं खरं आहे. ढेकूण एका रेषेत चावतो हे पुष्कळदा दिसतं, पण पिसूही चावत चावत जातो आणि रेषा दिसते, आणि कित्येक घरात ढेकूण असून रेषा दिसत नाही. नुसता डाग पाहून मोठा डॉक्टरही छातीठोक सांगू शकत नाही. मी घरात गेलो की डाग सगळ्यात शेवटी पाहायचो. आधी विचारायचो की अंगाच्या कोणत्या भागाला आहे, आणि कोण कुठं झोपतं.

तुम्ही स्वतःच ते लिहून दिलं आहे. दिवाणावर झोपणाऱ्या दोघींना हात, मान, गाल, म्हणजे झोपेत उघडं राहतं ते अंग. हा ढेकणाचा माग. आजीच्या खोलीत झोपणाऱ्या पोराला फक्त गुडघ्याखाली. जमिनीवरून उड्या मारून जो येतो त्याला तेवढंच गाठता येतं, तो पिसू. मला वाटतं तुमच्या घरात दोन वेगळे पाहुणे आहेत, म्हणून सगळं गोंधळाचं वाटून राहिलं. घरात मांजर आहे का?

मिस्टरांना डाग नाही याचा अर्थ ते चावत नाहीत असा नाही. डाग आणि खाज म्हणजे आपल्या अंगानं ढेकणाच्या लाळेला दिलेलं उत्तर. कोणाचं अंग उत्तर देतं, कोणाचं देतच नाही. कोणाला चार-पाच दिवसांनी उमटतं, त्यामुळं परवा चावलेलं आज दिसतं आणि माणूस आजच्या रात्रीचा डास शोधत बसतो. रक्तातल्या गरमीचा काही संबंध नाही, मिस्टरांना हे वाचून दाखवा.

अंजली_हिंगणघाट | ८ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

काका सापडलं. डाव्या बाजूला कमरेवर, करदोड्याच्या बरोबर खाली. सासूबाई म्हणतात काळी खपली, ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठी, भोवती लाल कडं. त्यांना वाटलं करदोड्यानं घासून झालं असंन. मामाजी म्हणतात मला तर माहीतच नाही. जांघेत गाठ पण आहे दुखणारी. आता काय करू?

निवृत्त_आरोग्यसेवक_भंडारा | ८ ऑक्टोबर, सकाळी ११:१६

गाडी करा आणि आत्ता पीएचसीत किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथल्या साहेबांना तीन गोष्टी आपल्या तोंडानं सांगा: सहा दिवस ताप, नाल्याकाठी गवत कापत होते, आणि कमरेला काळी खपली आहे. खपली दाखवाच, कपडा वर करून. नुसतं ताप आहे म्हणाल तर पुन्हा व्हायरलच्या गोळ्या मिळतील, त्यात डॉक्टरचाही दोष नाही, न सांगितलं तर त्याला कसं कळणार. जाताना धाप लागत असेल, बोलणं असंबद्ध होत असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर १०८ ला फोन करा, सरळ जिल्ह्याला.

आशा_धारणी | ८ ऑक्टोबर, दुपारी १:००

काका अंजलीताईंचं पाहून राहिले आहेत तोवर मी रेखाताईंना सांगते. मी मेळघाटात आशा आहे. ताई, तुमच्या मुलाला ढेकूण नाही, ही खरूज दिसते. बेचक्यात, मनगटात, बेंबीजवळ, लघवीच्या जागी आणि रात्री जास्त, आणि आता घरात दुसऱ्याला सुरू. ढेकूण बेचक्यात कशाला जाईल. ही पण एक प्रकारची माईटच, पण ती गवतातली नाही, ती माणसाच्या कातडीत घर करते.

ती मेडिकलची ट्यूब आजपासून बंद करा. तसल्या ट्यूबमध्ये बहुतेक स्टिरॉइड असतं, खाज दबते आणि किडा खाली वाढत राहतो, मग डॉक्टरलाही ओळखायला अवघड जातं. दवाखान्यात दाखवा, ते साधारण परमेथ्रिनचं ५ टक्क्यांचं मलम देतात. रात्री मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत सगळ्या अंगाला, नखाखाली सुद्धा, आणि सकाळी आंघोळ. आठवड्यानं पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, ज्याला खाज नाही त्यानंही. माझ्या गावात लोक इथंच चुकतात, एकट्या लेकराला लावतात आणि मग म्हणतात औषधात दम नाही. खरूज नवीन झाली असली तर खाज सुरू व्हायला महिना-दीड महिना लागतो, म्हणून ज्याला आज खाज नाही त्याच्या अंगात ती असू शकते. आणि औषध लावल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहते, घाबरून रोज रोज मलम लावत बसू नका.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. खाजवून जखमा पिकल्या असतील, पिवळी खपली धरली असेल तर लगेच दाखवा. आमच्याकडं एका लेकराच्या खरजेच्या जखमा पिकून बऱ्या झाल्या, आणि दोन-तीन आठवड्यांनी सकाळी त्याचं तोंड सुजलं, लघवी चहासारखी लाल. किडनीवर आलं होतं. वेळेत नेलं म्हणून बरं झालं. तोंडावर सूज किंवा लघवीचा रंग बदलला तर एक दिवसही थांबू नका.

रेखा_तुमसर | ८ ऑक्टोबर, दुपारी २:२०

जखमा आहेत ताई, दोन पिकलेल्या आहेत. उद्याच नेते. शाळेत पण कळवायला पाहिजे ना? त्याच्या खोलीत बाकीच्या पोरांना पण आहे म्हणतो.

आशा_धारणी | ८ ऑक्टोबर, दुपारी २:३५

हो, कळवाच. तिथं सगळ्यांचं एकदम झालं नाही तर तो परत घेऊन येईल.

अंजली_हिंगणघाट | ९ ऑक्टोबर, रात्री ८:५०

काल पीएचसीत नेलं. तिथल्या मॅडमनी खपली पाहिली आणि लगेच म्हणाल्या बरं झालं दाखवली. रक्त घेतलं, प्लेटलेट कमी आल्या आहेत, लिव्हरचं पण थोडं वाढलं आहे. स्क्रबची तपासणी जिल्ह्याला पाठवली, पण रिपोर्टची वाट पाहत बसायचं नाही म्हणाल्या, डॉक्सीसायक्लीन काल संध्याकाळपासूनच सुरू केली, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर, आणि गोळी घेतली की लगेच आडवं व्हायचं नाही. भरती करून घेतलं आहे. आधी जिथं दाखवलं होतं तिथं सलाईन आणि दोन इंजेक्शनं दिली होती, शर्ट वर करून पाहिलं नव्हतं. मी कोणाला दोष देत नाही, आम्ही पण सांगितलं नव्हतं.

निवृत्त_आरोग्यसेवक_भंडारा | ९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

मॅडमनी अगदी योग्य केलं. पहिल्या आठवड्यात तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी त्यांना न विचारता गोळी बंद करू नका. या औषधानं साधारण दोन दिवसात ताप उतरायला लागतो, नाही उतरला तर त्या दुसरा विचार करतील. घरात कोणी गरोदर बाई किंवा लहान लेकरू तापानं पडलं तर हीच गोळी घरातून काढून देऊ नका, त्यांचं औषध डॉक्टर वेगळं ठरवतात.

वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगतो, काळी खपली प्रत्येकाला सापडत नाही. गवतात काम करणाऱ्या माणसाला या दिवसात पाच दिवसांच्या वर ताप आहे आणि खपली नाही, म्हणून स्क्रब नाही असं म्हणू नका. डॉक्टरला गवताचं सांगा, बाकी ते पाहतील.

प्रशांत_दर्यापूर | ९ ऑक्टोबर, रात्री १०:००

काका एक विचारू का, मग हे ढेकणामुळं पण होऊ शकतं का? घरात ढेकूण आणि घरात स्क्रब, दोन्ही एकाच वेळी कसे?

निवृत्त_आरोग्यसेवक_भंडारा | १० ऑक्टोबर, सकाळी ७:००

नाही. ढेकूण माणसाची झोप खातो, रक्त पितो, पण त्याच्यापासून कोणता रोग पसरतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. दोन्ही एकाच घरात निघाले हा योगायोग. मी अंजलीबाईंचा धागा वाचताना अडकलो तो याच जागी, सगळे खाजतात आणि एक माणूस खाजत नाही पण तापानं पडला आहे. चिगर चावतो तेव्हा कळत नाही आणि ती खपली खाजत नाही, म्हणून घरातले लोक तिची चर्चाच करत नाहीत.

अंजली_हिंगणघाट | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

मामाजींचा ताप काल दुपारपासून नाही. आज चहा मागून पिला. डोकं अजून जड आहे म्हणतात.

काका, मांजर आहे. श्रावणात कुटाराच्या खोलीत व्यायली, तीन पिल्लं आहेत, आणि माझा मुलगा दिवसभर तिथंच असतो. आता दोन्हीकडं कसं तपासायचं ते सांगा, मिस्टरांना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही.

निवृत्त_आरोग्यसेवक_भंडारा | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

डोळ्यांनीच पाहू द्या त्यांना, तेच बरं.

ढेकणासाठी रात्री दोन-तीनच्या सुमारास उठा, दिवा न लावता बॅटरी एकदम दिवाणाच्या सांध्यावर मारा. गादीची शिवण उलटून पाहा, प्लायच्या फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवून खरवडा, खाली पांढरा कागद धरा. मोठा ढेकूण मसुरीएवढा, चपटा, लालसर तपकिरी. पिल्लं तिळाएवढी, पांढुरकी, रक्त पिलं असेल तर पोटात लाल ठिपका. किडा नाही सापडला तर शिवणीवर शाईच्या टिपक्यासारखे काळे ठिपके असतात, ओला कापूस त्यावर फिरवा, गंजासारखा तपकिरी ओघळ आला तर ती ढेकणाची घाण. कोरडे राहिले आणि झटकले गेले तर माती.

पिसवांसाठी मिस्टरांना पांढरे लांब मोजे घालून कुटाराच्या खोलीत पाच-दहा मिनिटं फिरायला सांगा. काळे दाणे मोज्यावर चढलेले दिसतील, बोटात धरले की निसटतात आणि उडी मारतात. मांजरीच्या केसांत बारीक कंगवा फिरवून निघालेला काळा भुगा ओल्या पांढऱ्या कागदावर टाका, लाल रंग सुटला तर पिसवांची घाण, कारण ते पचलेलं रक्तच असतं.

अंजली_हिंगणघाट | १४ ऑक्टोबर, सकाळी ६:४५

दोन्ही निघाले काका. रात्री पावणेतीनला मिस्टरांनीच बॅटरी धरली. उशाकडच्या पायाच्या खाचेत, खिळ्याजवळ, नऊ मोजले, आणि पांढरी अंडी चिकटलेली. मिस्टर काहीच बोलले नाहीत, बराच वेळ तिथंच बसून राहिले. मोज्यावर पण पाच काळे दाणे आले, कुटाराच्या खोलीत नाही तर आजीच्या खाटेखाली, तिथं मांजर दुपारी येऊन झोपते.

दिवाण जाळायचा का? दिवाण माहेरचा आहे, मन होत नाही.

निवृत्त_आरोग्यसेवक_भंडारा | १४ ऑक्टोबर, सकाळी ९:००

जाळू नका. निम्मे भिंतीच्या फटीत असतील, दिवाण जाळला तर ते तुमच्या नव्या दिवाणात येतील. नुसतं उन्हात ठेवूनही होत नाही, ऑक्टोबरचं ऊन गादीच्या पोटात पोचत नाही, ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो.

दिवाण खोलून अंगणात काढा. चुलीवर पाणी खळखळ उकळा आणि किटलीनं प्रत्येक सांध्यात, खाचेत, खिळ्याच्या भोकात हळूहळू ओता, धारेनं भर्रकन नाही, लाकडाच्या आत ऊब पोचली पाहिजे. चादरी, उशांचे अभ्रे उकळत्या पाण्यात अर्धा तास. भिंतीच्या फटी माती-सिमेंटनं बुजवा. मग दिवाण भिंतीपासून वीतभर दूर, चारी पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत, आणि चादर जमिनीला टेकू देऊ नका. हे सगळं आठवड्यानं पुन्हा, आणि तिसऱ्यांदा पुन्हा. अंड्यांतून आठ-दहा दिवसांत पिल्लं निघतात, एकदाच करून सोडलं तर महिन्याभरात तेच.

पिसवांसाठी आजीच्या खोलीतलं अंथरूण उकळून धुवा, खाटेखालची जागा रोज झाडून कचरा बाहेर जाळा, आणि मांजरीला गुरांच्या डॉक्टरकडं दाखवून औषध घ्या. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजरीला लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजरीला विष आहे.

सुनील_मोर्शी | १४ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

मी फवारणीचं लिहिलं होतं ते मागं घेतो. घाटंजीच्या भाऊंनी लिहिलेलं माझ्या बायकोनंही वाचलं, आमच्या धान्याच्या कोठीतल्या गोळ्या तिनं काढायला लावल्या. लेकरं त्याच खोलीत झोपतात.

अंजली_हिंगणघाट | २ नोव्हेंबर, रात्री ९:१५

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. मामाजी दिवाळीच्या आधी घरी आले, खपली गळून पडली, तिथं गुलाबी कातडी आली आहे. स्क्रबचा रिपोर्ट पॉझिटिव्हच आला. आता गवताला जाताना फुल बाह्या, पॅन्ट मोज्यात खोचतात, आल्यावर कपडे बाहेरच काढून गरम पाण्यानं साबण लावून घासून आंघोळ. बैलांच्या गवतावर बसून चहा प्यायची सवय मात्र सुटत नाही, सासूबाई रोज ओरडतात.

दिवाणाला तीनदा उकळतं पाणी झालं. दुसऱ्या वेळी चार निघाले, तिसऱ्या वेळी एकही नाही. मुलीच्या गालावर काही नवीन नाही. माझ्या मनगटावर परवा दोन आले, पण ते सकाळी आले आणि संध्याकाळी गेले, तर डासच असावे असं वाटतं.

मुलाच्या पायाचं मात्र अजून पूर्ण थांबलं नाही, आठवड्याला दोन-तीन नवे दिसतात. मांजरीला औषध लावून पंधरा दिवस झाले. काका, कोषातून अजून निघत असतील का, की कुटारातून दुसरंच काही आहे?

निवृत्त_आरोग्यसेवक_भंडारा | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

पिसवांचे कोष जमिनीच्या भेगांत बरेच आठवडे दबून राहतात, तेव्हा आणखी तीन आठवडे झाडलोट सोडू नका. पण कुटाराच्या खोलीत उंदीर असतील तर उंदरांच्या अंगावरची माईटही असू शकते, ती माणसालाही चावते, आणि हे मी इथून सांगू शकत नाही. पुन्हा मोज्याची परीक्षा करा, या वेळी कुटाराच्या खोलीत वेगळी आणि आजीच्या खोलीत वेगळी. मोज्यावर काहीच आलं नाही आणि डाग गुडघ्याच्या वर, कमरेकडं दिसायला लागले तर मला लिहा. लेकराला ताप आला तर लिहू नका, आधी मॅडमकडं न्या.

अंजली_हिंगणघाट | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

आज संध्याकाळी करते काका. मोजे धुवून वाळत घातले आहेत.